सात गावं, एक केबल: दुवे निवडत जायचं की एका गावापासून वाढत जायचं?

ऑप्टिकल फायबर टाकायचं तर खर्च तारेचा कमी आणि खोदाईचा जास्त असतो. विदर्भातल्या काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाय निघत नाही, उन्हाळ्यात तीच जमीन तडकते आणि तिच्याखाली कधी मुरूम लागतो, कधी थेट काळा पाषाण. एकेक किलोमीटर चर म्हणजे जेसीबीचे तास, डिझेल आणि मजुरी. म्हणून गावं जोडायला बसलं की पहिला प्रश्न हाच येतो: सगळी गावं एकमेकांशी जोडली जातील, पण एकूण लांबी कमीत कमी भरेल, असे कोणते रस्ते खोदायचे?

संगणकशास्त्रात या उत्तराला 'मिनिमम स्पॅनिंग ट्री' म्हणतात. ट्री म्हणजे झाड. झाडाची फांदी फिरून खोडाला येऊन मिळत नाही, तसं या जोडणीत कुठेही गोल फेरा नसतो. फेरा असेल तर त्यातला एक दुवा काढला तरी गावं जोडलेलीच राहतात, म्हणजे तेवढी केबल वाया गेली. फेरा नाही म्हटलं की दुव्यांची संख्याही ठरून जाते: सात गावांना बरोबर सहा दुवे. पाच घेतले तर कुणीतरी सुटतं, सात घेतले तर कुठेतरी फेरा होतो.

हे झाड शोधायच्या दोन रीती सगळीकडे शिकवतात. एकीत सगळ्यांत छोटा दुवा आधी उचलायचा, मग त्याच्याहून मोठा, असं करत जायचं. दुसरीत एका गावापासून सुरुवात करून जोडलेल्या भागाला एकेक गाव लावत जायचं. दोन्ही कागदावर करून बघू.

## आधी अंतरांची यादी, आणि तिच्यातली खोट

उदाहरणासाठी सात गावं घेऊ: बोरगाव, चिंचोली, हिवरा, धानोरा, सावरगाव, पिंपळगाव, मांगरूळ. या नावांची गावं विदर्भात जागोजागी सापडतात, पण खालचा नकाशा कोणत्याही खऱ्या तालुक्याचा नाही. अंतरं हिशेब समजावा म्हणून धरलेली आहेत. बोरगावपर्यंत केबल आधीच आलेली आहे. मधून एक नदी वाहते. पिंपळगाव आणि मांगरूळ नदीच्या पल्याड, बाकीची पाच अल्याड.

ज्या रस्त्यांच्या कडेने खोदता येईल ते अकरा दुवे असे, अंतर किलोमीटरमध्ये:

- बोरगाव–चिंचोली ४
- बोरगाव–हिवरा ६
- बोरगाव–मांगरूळ ९
- चिंचोली–हिवरा ३
- चिंचोली–धानोरा ८
- हिवरा–धानोरा ५
- हिवरा–पिंपळगाव ६
- धानोरा–सावरगाव २
- धानोरा–पिंपळगाव ८
- सावरगाव–पिंपळगाव ९
- पिंपळगाव–मांगरूळ ४

अकरा दुव्यांतून सहा निवडायच्या ४६२ तऱ्हा होतात. त्या एकेक करून तपासता येतील, पण तशी गरजच पडत नाही.

आकडे लिहिताना मात्र घाई करू नका, कारण रीत कितीही बिनचूक असली तरी यादी चुकली की उत्तर चुकतं. नकाशावर पट्टी ठेवून मोजलेलं सरळ अंतर घेऊ नये. चर शेताच्या मधून जात नाही, तो जिल्हा परिषदेच्या रस्त्याच्या कडेने किंवा पांदणीने जातो. नाल्याला वळसा असेल तर तोही मोजावा लागतो.

याहून लपलेली चूक फाट्याची असते. समजा तीन गावांचे रस्ते एकाच फाट्यावर मिळतात आणि प्रत्येक गाव फाट्यापासून ३ किलोमीटरवर आहे. यादीत तुम्ही गावागावातलं अंतर लिहाल, म्हणजे प्रत्येक जोडीला ६. त्यातून दोन दुवे निवडले की एकूण १२ किलोमीटर होतात. पण जागेवर तर फाट्यापासून तिन्हीकडे तीन-तीन किलोमीटर खोदलं की ९ मध्ये काम होतं. फाटा ते मधलं गाव हा तुकडा कागदावर दोनदा मोजला गेला. म्हणून मोठा फाटा असेल तर त्यालाही एक गाव समजून यादीत घाला आणि हिशेब फाट्यासह एकदा, फाट्याशिवाय एकदा करा. फाटा जोडणीत एकाच दुव्याने लटकलेला दिसला तर तो दुवा काढून टाका, फाट्यावर नेट वापरणारं कोणी राहत नाही. दोन्ही हिशेबांत जो आकडा कमी, तो धरा.

## पहिली रीत: दुव्यामागून दुवा

ही रीत जोसेफ क्रुस्कल यांनी १९५६ मध्ये मांडली, म्हणून तिला क्रुस्कलची रीत म्हणतात. करायचं एवढंच: सगळे दुवे लहानापासून मोठ्यापर्यंत मांडा आणि वरून एकेक उचला. त्या दुव्याची दोन्ही टोकं आधीच एकमेकांशी जोडलेली असतील तर तो सोडा, नसतील तर घ्या. सहा दुवे झाले की थांबा.

सुरुवातीला सातही गावं सुटी आहेत. सर्वांत छोटा दुवा धानोरा–सावरगाव, २ किलोमीटर. घेतला. आता ही दोन गावं एका गटात आली. पुढचा चिंचोली–हिवरा, ३ किलोमीटर. घेतला, दुसरा गट झाला. मग ४ किलोमीटरचे दोन दुवे आहेत. सारख्या लांबीच्या दुव्यांत कोणता आधी घ्यायचा याला महत्त्व नाही, एकूण लांबी तेवढीच येते. पिंपळगाव–मांगरूळ घेतला, नदीपलीकडे तिसरा गट झाला. बोरगाव–चिंचोली घेतला, म्हणजे बोरगाव, चिंचोली आणि हिवरा एका गटात आले.

इथवर जोडणी तीन तुकड्यांत आहे आणि तुकड्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. नवख्याला इथे वाटतं की आपलं काहीतरी चुकलं. चुकलेलं नाही, या रीतीत मधल्या टप्प्यावर असंच दिसतं.

पुढे हिवरा–धानोरा, ५ किलोमीटर. हिवरा एका गटात, धानोरा दुसऱ्यात. घेतला. आता अल्याडची पाचही गावं एका गटात आली. त्यानंतर ६ किलोमीटरचा बोरगाव–हिवरा. बोरगाववरून चिंचोलीमार्गे हिवऱ्याला आधीच पोचता येतं, म्हणजे हा दुवा घेतला तर फेरा होईल. सोडला. मग हिवरा–पिंपळगाव, तोही ६. एक टोक अल्याडच्या गटात, दुसरं पल्याडच्या. घेतला. सहा दुवे पूर्ण झाले.

बेरीज: २ + ३ + ४ + ४ + ५ + ६ = २४ किलोमीटर. उरलेले चार दुवे बघायचीही गरज पडली नाही.

या रीतीत डोकं एकाच ठिकाणी लावावं लागतं: दोन गावं आधीच एका गटात आहेत का, हे ओळखताना. सात गावांत ते नजरेने कळतं, सत्तर गावांत कळत नाही. कागदावर करत असाल तर प्रत्येक गावासमोर त्याच्या गटाचा रंग लावा. दोन गट जुळले की एका रंगाची सगळी गावं दुसऱ्या रंगाची करा. दुव्याच्या दोन्ही टोकांना एकच रंग दिसला की तो दुवा सोडायचा.

## छोटा दुवा उचलणं बरोबर का ठरतं

हा भाग वगळू नका. दोन्ही रीती एकाच गोष्टीवर उभ्या आहेत आणि ती आपल्या नकाशातल्या नदीने चांगली समजते.

पल्याडची दोन गावं जोडायची तर निदान एक केबल नदी ओलांडून गेलीच पाहिजे. ओलांडणारे दुवे चार आहेत: हिवरा–पिंपळगाव ६, धानोरा–पिंपळगाव ८, सावरगाव–पिंपळगाव ९, बोरगाव–मांगरूळ ९. यांतला सर्वांत छोटा, म्हणजे ६ वाला, घेण्यात नुकसान कधीच नाही.

कोणी म्हणालं, नाही, मी ८ वाला धानोरा–पिंपळगाव घेऊन सगळी गावं जोडली. ठीक आहे. त्याच्या जोडणीत आपण ६ वाला हिवरा–पिंपळगाव टाकू. गावं आधीच जोडलेली होती, म्हणून आता एक फेरा तयार होईल. फेऱ्यात एकदा नदीपलीकडे गेलो तर परतही यावंच लागतं, म्हणजे त्याच फेऱ्यात नदी ओलांडणारा दुसरा दुवा असणारच, आणि तो म्हणजे त्याचा ८ वाला. तो काढून टाकला तरी फेऱ्याची दुसरी बाजू शाबूत आहे, गावं जोडलेलीच राहतात. त्याच्या २६ किलोमीटरमधून २ वाचले.

आता यातून खरी नदी काढून टाका. गावांचे कोणतेही दोन भाग पाडा, मनात त्यांच्यामध्ये एक नदी काढा, ती ओलांडणारा सर्वांत छोटा दुवा बेलाशक घ्या. क्रुस्कलच्या रीतीत आपण हेच केलं होतं: हिवरा–धानोरा घेताना मनातली नदी धानोरा-सावरगाव गटाभोवती होती, आणि त्या गटातून बाहेर जाणारा सर्वांत छोटा दुवा ५ चाच होता. त्याहून छोटे सगळे दुवे आपण आधीच निकालात काढले होते. दुसऱ्या रीतीत नदी जोडलेल्या भागाभोवती असते. दोन रीतींत फरक पडतो तो ही नदी कुठे काढायची याचा.

## दुसरी रीत: बोरगाव धरून वाढत जायचं

ही रीत रॉबर्ट प्रिम यांच्या नावाने ओळखतात. बेल लॅब्जमध्ये असताना १९५७ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. चेक गणितज्ञ वोय्त्येख यार्निक यांनी मात्र १९३० मध्येच ती लिहून ठेवली होती. आणि हा मूळ प्रश्न त्याहून जुना: १९२६ मध्ये ओताकार बोरुव्का यांनी मोराविया भागात वीज पोचवायच्या जाळ्यासाठी तो सोडवला होता. विजेच्या तारेसाठी मांडलेला हिशेब शंभर वर्षांनी फायबरला जसाच्या तसा लागू पडतो.

बोरगाव जोडलेलं आहे असं धरा. जोडलेल्या भागातून बाहेरच्या गावाला जाणारे दुवे लिहा: चिंचोली ४, हिवरा ६, मांगरूळ ९. सर्वांत छोटा ४, म्हणून चिंचोली आत आली. चिंचोलीचे बाहेर जाणारे दुवे यादीत टाका: हिवरा ३, धानोरा ८. आता सर्वांत छोटा ३. हिवरा आत आला. बोरगाव–हिवरा ६ ची दोन्ही टोकं आता आत आहेत, म्हणून तो खोडा. हिवऱ्याने यादीत धानोरा ५ आणि पिंपळगाव ६ आणले. सर्वांत छोटा ५, धानोरा आत. चिंचोली–धानोरा ८ खोडा. धानोऱ्याने सावरगाव २ आणि पिंपळगाव ८ आणले. २ वाला घेतला, सावरगाव आत. सगळ्या नकाशावरचा सर्वांत छोटा दुवा इथे चौथ्या नंबरला आला, हे बघून ठेवा.

आता पुढचं पाऊल. इथेच बहुतेक जण घसरतात.

आमच्या गावात ग्रामपंचायतीचं ऑनलाइन काम बघणारी एक पोरगी आहे. तिने हाच हिशेब बाजाराच्या पावतीमागे करून आणला होता. गावांच्या जागी तिने तुरीचे दाणे मांडले होते आणि मधून दोरा नेला होता.

"दादा, माहं २७ येऊन राहिलं. तुमचं २४ कसं येते?"

मी म्हटलं, "सावरगाववरून कुठं गेलीस?"

"तिथून जवळचं पिंपळगाव, नऊ. मंग मांगरूळ, चार."

"सावरगाववरूनच काहून?"

"शेवटी तिथंच तं आलो ना आपण."

दोरा पुढे ओढत नेल्यासारखं ती शेवटच्या दाण्यापासूनच पुढचा दाणा शोधत होती. मी दोरा सावरगावला कापला आणि तिला म्हटलं, आता जोडलेल्या पाचही दाण्यांवरून बाहेर बघ, कुठूनही निघालं तरी चालते. तिने बोट फिरवलं. सावरगाववरून ९, धानोऱ्यावरून ८, हिवऱ्यावरून ६, बोरगाववरून मांगरूळला ९. बोट हिवऱ्यावर थांबलं. "अरे, हे तं मागंच राहून गेलं होतं."

केबल म्हणजे एसटी नाही, ती शेवटच्या थांब्यावरूनच पुढे जायला हवी असं काही नाही. हिवऱ्याला दोन फांद्या फुटल्या, एक धानोऱ्याकडे आणि एक नदीपलीकडे. शेवटच्या गावाच्या मागे लागणारी साखळी ४ + ३ + ५ + २ + ९ + ४ = २७ देते. सगळ्या जोडलेल्या गावांतून बघितलं की पिंपळगाव ६ वर येतं, मग तिथून मांगरूळ ४. बेरीज ४ + ३ + ५ + २ + ६ + ४ = २४. पहिल्या रीतीने आलेले सहा दुवेच पुन्हा आले, फक्त वेगळ्या क्रमाने.

## कोणती रीत कधी

कागदावर, वीसेक गावांपर्यंत आणि रस्ते मोजकेच असतील तर मी क्रुस्कलची रीत घेतो. एकदा यादी लावली की डोळे मिटून खाली उतरता येतं, आणि कुठे थांबलो होतो ते दुसऱ्या दिवशीही कळतं. प्रिममध्ये यादी दर पावलाला बदलते, मध्ये चहा प्यायला उठलं की एखादा दुवा खोडायचा राहतो.

रस्ते मोजके नसून प्रत्येक गाव प्रत्येक गावाशी जोडता येत असेल तेव्हा गणित उलटतं. शंभर गावांत ४,९५० जोड्या होतात. एवढी यादी लावत बसण्यापेक्षा प्रिमच्या रीतीत बाहेरच्या प्रत्येक गावासमोर 'जोडलेल्या भागापासून आजचं सर्वांत कमी अंतर' हा एकच आकडा ठेवायचा आणि नवं गाव आत आलं की तो सुधारायचा. शंभर आकड्यांत काम भागतं.

निवडीचा क्रम आणि खोदाईचा क्रम यांची गल्लत मात्र करू नका. क्रुस्कलने धानोरा–सावरगाव पहिला दिला म्हणून जेसीबी आधी तिकडे पाठवायचा नाही, त्या दोन गावांना सिग्नल देणारं तिथे काहीच नाही. झाड ठरलं की खोदाई बोरगावपासूनच निघावी. प्रिमने दिलेला क्रम मात्र खोदाईलाही तसाच चालतो, कारण त्यात प्रत्येक नवं गाव आधीच चालू असलेल्या भागाला लागतं आणि त्याच आठवड्यात तिथे नेट सुरू करता येतं.

## संगणकावर

गावं पन्नासच्या वर गेली की हात दुखवण्यात अर्थ नाही. खाली पायथनमध्ये क्रुस्कल. रंगांच्या जागी इथे प्रत्येक गटाला एक म्होरक्या गाव आहे. दोन गावांचा म्होरक्या एकच निघाला की तो दुवा सोडायचा.

```python
kada = [
    (4, "बोरगाव", "चिंचोली"), (6, "बोरगाव", "हिवरा"),
    (9, "बोरगाव", "मांगरूळ"), (3, "चिंचोली", "हिवरा"),
    (8, "चिंचोली", "धानोरा"), (5, "हिवरा", "धानोरा"),
    (6, "हिवरा", "पिंपळगाव"), (2, "धानोरा", "सावरगाव"),
    (8, "धानोरा", "पिंपळगाव"), (9, "सावरगाव", "पिंपळगाव"),
    (4, "पिंपळगाव", "मांगरूळ"),
]
pudhe = {}

def mhorkya(g):
    while pudhe.get(g, g) != g:
        g = pudhe[g]
    return g

ekun = 0
for km, a, b in sorted(kada):
    ma, mb = mhorkya(a), mhorkya(b)
    if ma != mb:
        pudhe[ma] = mb
        ekun += km
        print(a, b, km)
print(ekun)
```

गावांची नावं प्रत्येक ठिकाणी हुबेहूब सारखी लिहा. एका ओळीत 'मांगरूळ' आणि दुसरीत 'मांगरुळ' लिहिलं की संगणक ती दोन गावं समजतो आणि सहाऐवजी सात दुवे छापतो. दुव्यांची संख्या गावांपेक्षा एकने कमी नसेल तर सर्वांत आधी नावं तपासा. संख्या त्याहूनही कमी आली तर एखाद्या गावाला यादीत रस्ताच नाही, किंवा गावांचा एखादा गट बाकीच्यांपासून पूर्ण तुटलेला आहे.

प्रिमसाठी वरचीच `kada` यादी वापरायची:

```python
import heapq
shejari = {}
for km, a, b in kada:
    shejari.setdefault(a, []).append((km, b))
    shejari.setdefault(b, []).append((km, a))

jodleli, ekun = set(), 0
dhig = [(0, "बोरगाव")]
while dhig:
    km, g = heapq.heappop(dhig)
    if g in jodleli:
        continue
    jodleli.add(g)
    ekun += km
    for k, s in shejari[g]:
        heapq.heappush(dhig, (k, s))
print(ekun)
```

`heapq` ढिगातली सर्वांत छोटी वस्तू हाती देतो. खोडायचे राहिलेले दुवे ढिगात तसेच पडून असतात. ते वर आले की `if g in jodleli` ही ओळ त्यांना बाजूला सारते.

या कोडमध्ये शेवटून दुसऱ्या ओळीत `k` च्या जागी `km + k` लिहिलं गेलं, तर प्रोग्राम कुठेही अडत नाही, पण दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर देतो. तो मग प्रत्येक गावाचं बोरगावपासूनचं सर्वांत कमी अंतर काढतो, आणि आपल्या आकड्यांवर शेवटी ५५ छापतो, जी नुसती त्या अंतरांची बेरीज आहे. त्या जवळच्या वाटांनी केबल टाकली तर हिवरा थेट बोरगाववरून ६ ने जोडला जातो, मांगरूळ थेट ९ ने, आणि एकूण ३२ किलोमीटर केबल लागते. प्रत्येकाला बोरगाव जवळ पडतं, पण खोदाई ८ किलोमीटर जास्त. आपल्या २४ च्या झाडात मांगरूळचा सिग्नल १७ किलोमीटर फिरून येतो, थेट रस्ता ९ चा असूनही. फायबरमध्ये एवढ्या फेऱ्याने वेगावर काही परिणाम जाणवत नाही, म्हणून इथे २४ च बरोबर.

## उत्तर बरोबर आहे हे कसं तपासायचं

न घेतलेला प्रत्येक दुवा उचला आणि त्याच्या दोन टोकांमधली झाडातली वाट बघा. त्या वाटेवर एकही दुवा त्याच्याहून लांब असता कामा नये. बोरगाव–मांगरूळ ९ घ्या: झाडातली वाट ४, ३, ६, ४. सर्वांत लांब ६, तो ९ पेक्षा कमी. ठीक. बोरगाव–हिवरा ६: वाटेत ४ आणि ३. ठीक. पोरीच्या २७ वाल्या साखळीवर हेच करा: हिवरा–पिंपळगाव ६ घेतलेला नाही, आणि त्यांच्यातली वाट ५, २, ९. वाटेत ६ पेक्षा मोठा ९ सापडला. चूक तर सापडलीच, काय बदलायचं तेही कळलं: ९ काढा, ६ घाला.

## किलोमीटर की रुपये

या रीतींना आकड्यांमधलं लहान-मोठं तेवढं कळतं. म्हणून सगळीकडे दहा टक्के केबल ढिली ठेवायची असेल तर निवड बदलत नाही. प्रत्येक दुव्याला दोन्ही टोकांना ठरावीक मीटर वेटोळं ठेवायचं असेल तरीही बदलत नाही, कारण क्रम तोच राहतो आणि दुवे कोणत्याही झाडात सहाच असतात. एखाद्या दुव्याचाच खर्च वेगळा असेल तेव्हा मात्र निवड बदलते.

समजा हिवरा–पिंपळगाव रस्त्यावर नदीला नुसता रपटा आहे, पावसाळ्यात पाण्याखाली जाणारा. केबल नदीच्या तळाखालून बोअर करून न्यावी लागेल, आणि त्याचा खर्च ५ किलोमीटर साध्या चराएवढा येतो. धानोरा–पिंपळगाव रस्त्यावर उंच पूल आहे, त्याच्या कठड्याला पाइप बांधता येतो. मग यादीत हिवरा–पिंपळगावसमोर ६ नाही, ११ लिहा. नदी ओलांडणारा सर्वांत छोटा दुवा आता धानोरा–पिंपळगाव ८ ठरतो आणि बेरीज २६ होते. केबल २ किलोमीटर वाढली, पण आधीच्या झाडाचा खरा खर्च २९ किलोमीटरएवढा होता. खडकाच्या पट्ट्यालाही असंच वागवा: आधी प्रत्येक दुव्याचा खर्च काढा, मग यादी लावा.

## झाडाला न दिसणारी गोष्ट

झाडात एक दुवा तुटला की त्याच्या पलीकडचं सगळं अंधारात जातं. आपल्या २४ किलोमीटरच्या जोडणीत चिंचोली–हिवरा मधे रस्ता रुंद करणाऱ्या पोकलेनचा दात केबलला लागला, तर हिवरा, धानोरा, सावरगाव, पिंपळगाव, मांगरूळ अशी पाच गावं एका वेळी बंद. रेशनचं मशीन, बँकेचा ग्राहक सेवा केंद्रवाला, सातबारा, सगळं थांबतं. गावोगावी फायबर नेणाऱ्या केंद्र सरकारच्या भारतनेट योजनेत सुधारणा झाली तेव्हा रिंगवर, म्हणजे फेऱ्यावर, भर दिला गेला तो याचसाठी.

म्हणून झाड काढून झाल्यावर मी एक काम आवर्जून करतो: न घेतलेल्या दुव्यांपैकी कोणता एक घातला तर सर्वांत जास्त गावं फेऱ्यात येतात ते बघतो. इथे बोरगाव–मांगरूळ ९ घातला की बोरगाव, चिंचोली, हिवरा, पिंपळगाव, मांगरूळ असा फेरा होतो. एकूण केबल ३३ किलोमीटर. आता चिंचोली–हिवरा तुटला तर सिग्नल मांगरूळकडून उलटा हिवऱ्याला येतो आणि तिथून धानोरा-सावरगावलाही जातो. ती दोन गावं अजूनही एका फांदीवर लटकलेली आहेत, हिवरा–धानोरा तुटला की ती बंद पडतील. ही ९ किलोमीटरची जास्तीची खोदाई परवडते की नाही हे कोणतीही रीत सांगत नाही, ते गावांनी आणि पैसे देणाऱ्यांनी बसून ठरवायचं. पण त्या बैठकीत २४ आणि ३३ हे दोन्ही आकडे कागदावर शेजारी-शेजारी असू द्या, आणि खाली कोणता दुवा तुटला तर कोणती गावं बंद होतात ते लिहा.